कॉन्फ्लिक्टची शंका आली, तर कंप्लायन्सला मेल कसा लिहायचा (कुणावरही आरोप न करता)

वाळूज एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी अकाउंट्सला आहे. व्हेंडरची बिलं पीओशी म्हणजे खरेदीच्या ऑर्डरशी आणि जीआरएनशी म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीशी जुळवायची आणि पेमेंटला पुढे सरकवायची, हे माझं रोजचं काम. काही वर्षांपूर्वी लाकडी पॅलेट पुरवणाऱ्या एका नव्या व्हेंडरच्या बिलावरचा पत्ता वाचून मी थबकलो. बजाजनगरचा तोच प्लॉट नंबर मी आधी कुठंतरी वाचला होता. घरी जाऊन कपाटातून पत्रिका काढली. खरेदी विभागातल्या आमच्या एका साहेबांच्या वास्तुशांतीची पत्रिका होती ती. प्लॉट नंबर तोच, गल्लीही तीच.

त्या रात्री मी कंप्लायन्सला, म्हणजे कंपनीत नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या विभागाला, जो मेल लिहिला तो पाठवला नाही, हे माझं नशीब. पाठवला तो आठ दिवसांनी लिहिलेला दुसरा. या दोन मेलमध्ये काय फरक होता, तोच इथे पायरीपायरीनं सांगतो. उदाहरणातल्या तारखा, आकडे आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट म्हणजे चोरी नव्हे. कंपनीसाठी निर्णय घेणाऱ्या माणसाचा त्याच निर्णयात स्वतःचा काही संबंध अडकलेला असणं, एवढाच त्याचा अर्थ. असा संबंध असणं बहुतेक कंपन्यांच्या आचारसंहितेत गुन्हा नसतो. तो लेखी जाहीर करायचा आणि त्या निर्णयातून बाजूला व्हायचं, एवढीच अपेक्षा असते. म्हणजे कंप्लायन्सपुढचा प्रश्न दोनच गोष्टींचा असतो: संबंध आहे का, आणि असेल तर तो जाहीर झालाय का. साहेबांनी पैसे खाल्ले का, हा तुमच्या मेलचा विषयच नाही.

## 1. मेल कुणाकडे जातो ते आधी बघा

कंपनीची आचारसंहिता आणि 'व्हिसल ब्लोअर' किंवा 'व्हिजिल मेकॅनिझम' नावाचं, म्हणजे शंका किंवा तक्रार सुरक्षितपणे कळवायचं धोरण शोधा. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी, लोकांकडून ठेवी घेणारी कंपनी आणि बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांकडून 50 कोटींपेक्षा जास्त कर्ज घेतलेली कंपनी, या सगळ्यांना कंपनी कायदा 2013 च्या कलम 177 खाली अशी व्यवस्था ठेवावीच लागते. कंपनीची वेबसाइट असेल तर तिच्यावर त्याची माहिती द्यावी लागते. आमच्या वेबसाइटवर ती गुंतवणूकदारांच्या पानाखाली कुठंतरी गाडलेली होती. मी नोकरीला लागून सहा वर्षं झाली होती, पण त्या पानावर कधी गेलो नव्हतो.

त्या धोरणात जो ईमेल पत्ता दिलाय, फक्त त्यावरच मेल पाठवायचा. आपल्या साहेबांना, एचआरमधल्या ओळखीच्या ताईंना किंवा प्लांट हेडना सीसी करायचं नाही. आरोप नसलेला मेलसुद्धा पाच जणांकडे गेला की दुपारच्या चहापर्यंत त्याचा आरोप होतो. शंका खुद्द कंप्लायन्सच्या किंवा अगदी वरच्या माणसाबद्दल असेल, तर अशा अपवादात्मक वेळी संचालक मंडळाच्या ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांकडे थेट जायची सोय याच कलमात आहे.

तुमचं युनिट छोटं, प्रायव्हेट लिमिटेड असेल आणि कंप्लायन्स नावाची टीमच नसेल, तर कंपनी सेक्रेटरी, तेही नसतील तर मालक. बाकीच्या पायऱ्या सारख्याच.

## 2. जे कागद कामामुळे हातात येतात, तेवढेच घ्या

मी जमवलेले कागद हे होते:

- व्हेंडरची चार बिलं आणि त्यांचे पीओ क्रमांक
- पीओवर मंजुरी कुणी दिली ते दाखवणारं पान
- कोटेशनची तुलना केलेला तक्ता, म्हणजे आमच्या भाषेत कम्पॅरेटिव्ह
- कंपनीच्या खरेदी प्रक्रियेतलं, किमान तीन कोटेशन मागवावीत असं सांगणारं पान
- वास्तुशांतीची पत्रिका, जी मला स्वतःला मिळाली होती

हे सगळं बिल तपासताना माझ्यासमोर येतंच, किंवा माझंच होतं. एचआरमधल्या मित्राला सांगून साहेबांच्या फाइलमधला घरचा पत्ता बघून घ्यायचा मोह मला झाला होता. तो आवरला. दुसऱ्याच्या फाइलमध्ये असं डोकावलं की मग चौकशी तुमचीही होते, आणि तीही रास्तच. तसंच कागद स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका, मोबाइलनं फोटो काढून व्हॉट्सॲपवर तर अजिबात नको. क्रमांक लिहून ठेवले तरी पुरतं. कंप्लायन्सला तो कागद सिस्टीममधून काढता येतो.

आता जीएसटी पोर्टल. तिथे लॉगिन न करता Search Taxpayer मध्ये बिलावरचा नंबर टाकला की व्हेंडरची नोंद दिसते. ही माहिती सगळ्यांना खुली आहे, म्हणून बघायला हरकत नाही. Trade Name म्हणजे पाटीवरचं नाव. Legal Name of Business म्हणजे नोंदणीतलं खरं नाव, आणि Constitution of Business मध्ये Proprietorship लिहिलेलं असेल तर तिथे मालकाचंच नाव दिसतं. आमच्या व्हेंडरची प्रोप्रायटरशिपच होती.

आणि इथेच मी घसरलो. मालकाचं आडनाव साहेबांच्या सासुरवाडीचं निघालं. झालं, माझ्या डोक्यात मेहुणा तयार! पण ज्या मराठवाड्यात एका गल्लीत चार जाधव आणि सहा पवार राहतात आणि त्यांचा एकमेकांशी सुतराम संबंध नसतो, तिथे आडनावावरून काय सिद्ध होणार? पोर्टलवर जे दिसलं ते लिहा. आडनाव जुळलं म्हणून नातं लिहू नका.

## 3. पाहिलं, ऐकलं, वाटलं

एका कागदावर तीन रकाने आखा आणि तुम्हाला जे जे ठाऊक आहे ते वाटून टाका. पहिल्या रकान्यात स्वतः पाहिलेलं, दुसऱ्यात कुणीतरी सांगितलेलं, तिसऱ्यात तुमचा अंदाज.

ऐकीव गोष्ट ओळखायला मराठीत फार सोपी युक्ती आहे. वाक्याच्या शेवटी 'म्हणे' लावून बघा. 'साहेबांचा त्यात वाटा आहे म्हणे', 'दोघं रविवारी सोबत असतात म्हणे' ही वाक्यं अगदी सहज उतरतात. 'पीओवर साहेबांची मंजुरी आहे म्हणे' हे मात्र मला खटकतं, कारण ती मी स्वतः स्क्रीनवर पाहिली. 'म्हणे' बिनबोभाट बसलं की ते वाक्य दुसऱ्या रकान्यात जातं.

दुसरा खड्डा 'पाहुणे' या शब्दाचा. आपल्याकडे सोयरीक झालेलं घर पाहुणे, बहिणीचं सासर पाहुणे, आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला अनोळखी माणूसही पाहुणाच. 'व्हेंडर साहेबांचे पाहुणे लागतात' हे स्टोअरमध्ये मला दोघांनी सांगितलं. नेमके कोण लागतात, हे दोघांपैकी एकालाही सांगता आलं नाही. भावकी, गाववाले, घरचे यांचंही तसंच. पुण्यात किंवा गुडगावात बसलेल्या कंप्लायन्सच्या माणसाला 'रिलेटिव्ह' असं लिहून पाठवलंत, तर तो त्याचा काटेकोर अर्थ लावणार. कंपनी कायद्यातल्या नातेवाइकांच्या यादीत जोडीदार, आईवडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ-बहीण आणि एकत्र कुटुंबाचे म्हणजे एचयूएफचे सदस्य आहेत. बायकोचा भाऊ त्यात नाही. कंपनीची स्वतःची आचारसंहिता बहुधा याहून रुंद असते, म्हणून तिच्यातली व्याख्या वाचा. आणि नातं स्वतःला नक्की ठाऊक नसेल, तर तो शब्दच वापरू नका.

माझ्या पहिल्या रकान्यात शेवटी चारच ओळी उरल्या. पहिली पत्त्याची, दुसरी मंजुरीची, तिसरी तीनऐवजी दोन कोटेशनची. चौथी दराची होती: जुन्या व्हेंडरचं पॅलेट 585 रुपयांना यायचं, नव्याचं 640 रुपयांना.

ही चौथी ओळ मला सगळ्यात भारी वाटत होती. स्टोअरमधल्या मामांनी ती एका वाक्यात उडवली. मेलचं मी त्यांना काही बोललो नव्हतो, बिलाची शंका म्हणून फक्त दरातला फरक विचारला होता. ते मला गोडाउनमध्ये घेऊन गेले आणि नव्या पॅलेटच्या बाजूला डागलेला शिक्का दाखवला. म्हणाले, "हे बघ, HT लिहिलंय. भट्टीतून काढलेलं लाकूड आहे बाबा. एक्स्पोर्टच्या मालाला शिक्क्याबिगर चालत नाही. तुझं जुनं पॅलेट लोकलचं."

नंतर वाचलं तेव्हा कळलं की परदेशात जाणाऱ्या लाकडी पॅकिंगसाठी आयएसपीएम 15 नावाचं मानक आहे. त्यातल्या नेहमीच्या पद्धतीत लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस तापमान सलग 30 मिनिटं राहावं लागतं, आणि त्याची खूण म्हणून हा शिक्का असतो. म्हणजे दरातल्या 55 रुपयांमागे साधं कारण असू शकत होतं. 'जुन्यापेक्षा महाग' हे वाक्य दिसायला वस्तुस्थिती होतं, पण दोन वेगळ्या वस्तूंची तुलना करत होतं. आकडा लिहिण्याआधी दोन्ही पीओवरचा वस्तूचा तपशील शब्द न् शब्द वाचा. मी ती ओळ काढून टाकली.

## 4. मेल लिहा

माझ्या पहिल्या मेलची सुरुवात अशी होती:

> 'आमच्या खरेदी विभागातील अधिकारी स्वतःच्या मेहुण्याच्या नावावर फर्म चालवून कंपनीची उघड लूट करत असून यात मोठी मिलीभगत आहे.'

यातला एकही शब्द मी पाहिलेला नव्हता. मेहुणा आडनावावरून आला, लूट दरावरून, आणि मिलीभगत कुठून आली ते मलाही सांगता येणार नाही. बहुतेक पेपरातून.

पाठवलेला मेल असा होता:

> विषय: पॅकिंग व्हेंडरच्या पत्त्याबाबत माहिती, तपासणीसाठी विनंती
>
> नमस्कार,
>
> मी वाळूज प्लांटच्या अकाउंट्स विभागात व्हेंडर बिलं तपासतो. बिलं तपासताना दिसलेली माहिती आचारसंहितेनुसार आपल्याला कळवत आहे.
>
> 1. 'अबक पॅकेजिंग' या व्हेंडरच्या 7 ऑगस्ट ते 18 डिसेंबर या काळातल्या चार बिलांवर बजाजनगरचा एक पत्ता आहे. बिलांचे व पीओंचे क्रमांक खाली दिले आहेत.
>
> 2. खरेदी विभागातील श्री. क्ष यांच्याकडून मला मे महिन्यात वास्तुशांतीची पत्रिका मिळाली. तिच्यावरचा प्लॉट नंबर आणि गल्ली बिलावरच्या पत्त्याशी जुळते.
>
> 3. चारही पीओंना सिस्टीममध्ये श्री. क्ष यांची मंजुरी दिसते.
>
> 4. पहिल्या पीओसोबतच्या कम्पॅरेटिव्हमध्ये दोन कोटेशन आहेत. खरेदी प्रक्रियेत किमान तीन म्हटलं आहे. तिसरं न घेण्याला वेगळी परवानगी होती का, हे मला माहीत नाही.
>
> व्हेंडर आणि श्री. क्ष यांच्यात काही संबंध आहे का, हे मला माहीत नाही. पत्ता जुळण्याचं कारणही माहीत नाही. असा संबंध असल्यास तो जाहीर झालेला आहे का, एवढं आपण तपासावं ही विनंती.
>
> माझ्याबद्दल एक माहिती: पॅलेटचे आधीचे व्हेंडर गंगापूर तालुक्यातल्या माझ्या गावचे आहेत आणि माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्याशी माझा आर्थिक व्यवहार नाही. या मेलबद्दल मी त्यांच्याशी बोललेलो नाही.
>
> कृपया माझं नाव गोपनीय ठेवावं. आणखी माहिती हवी असल्यास मी उपलब्ध आहे.

यात 'माहीत नाही' तीनदा आलंय, आणि मुद्दाम आलंय. आपल्याला कुठपर्यंत ठाऊक आहे याची हद्द वाचणाऱ्याला तिथे कळते. 'संशयास्पद', 'संगनमत', 'उघडपणे', 'सर्वांना माहीत आहे' असे शब्द लिहिताना फार जोरदार वाटतात, पण त्यांच्यातून तपासायला काहीच हाती लागत नाही. क्रियापदं 'दिसतं', 'जुळतं', 'लिहिलं आहे' अशी ठेवा. 'केलं', 'घडवून आणलं', 'लपवलं' ही नकोत, कारण त्यात माणसाचा हेतू आला. 'लपवलं' तर सगळ्यात धोक्याचं. जाहीर न केलेलं तुम्हाला दिसू शकत नाही, कारण जाहीरनाम्याचे फॉर्म तुमच्यापर्यंत येतच नाहीत.

शेवटून दुसरा परिच्छेद, म्हणजे स्वतःबद्दलचा, लिहायला मला सगळ्यात जड गेलं. जुना व्हेंडर माझ्या गावचा आहे हे लिहिलं तर माझ्याच मेलचं वजन जाईल, असं वाटत होतं. पण ते मी दडवलं असतं आणि पुढे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर जाहीर न केलेला संबंध माझाच ठरला असता! तुमचा त्या माणसाशी बढतीवरून खटका उडाला असेल, तर तेही एका ओळीत लिहून टाका.

भाषेबद्दल एक. धोरणात भाषेची अट नसेल तर मराठीत लिहा. इंग्रजीत लिहावंच लागलं तर आधी मराठीत लिहून मग साध्या इंग्रजीत उतरवा. थेट इंग्रजीत लिहायला बसलो की आपण 'नेक्सस' आणि 'मालप्रॅक्टिस' असले छापील शब्द उचलतो, आणि त्यांचा अर्थ आपल्या मनातल्यापेक्षा बराच कडक असतो.

## 5. पाठवण्याआधी

नाव द्यायचं की निनावी? धोरणात निनावी पाठवायची सोय असेल तर तो तुमचा हक्क आहे. पण निनावी मेलवर कंप्लायन्सला उलट प्रश्न विचारता येत नाही, आणि आमच्यासारख्या प्लांटमध्ये बिलं बघणारी माणसंच तीन, त्यामुळे ओळख किती लपणार हाही प्रश्नच. मी नाव दिलं. ऑफिसचा मेल आयटीवाल्यांना बघता येऊ शकतो, याची धास्ती असेल तर धोरणातली हेल्पलाइन वापरा.

बदनामीची भीती बऱ्याच जणांना असते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये, ज्याला त्या विषयात अधिकार आहे अशा व्यक्तीकडे सद्भावनेनं केलेल्या तक्रारीला अपवाद दिलेला आहे. तेच वाक्य प्लांटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं तर हा अपवाद तुमच्या कामाला येणार नाही. आणि पुन्हापुन्हा पोकळ तक्रारी करणाऱ्यावर ऑडिट कमिटी कारवाई करू शकते, हेही नियमात आहे. मेल रात्री लिहिला असेल तर सकाळी एकदा वाचून पाठवा.

## 6. पाठवल्यावर

मला तिसऱ्या दिवशी पोच आली आणि महिन्याभराने एक फोन. वीसेक मिनिटं प्रश्न झाले. जवळजवळ सगळे 'हे तुम्ही स्वतः कुठे पाहिलं?' या वळणाचे होते, आणि तीन रकान्यांचा कागद समोर असल्यामुळे मला अडखळावं लागलं नाही. 'तुम्हाला काय वाटतं?' असंही विचारलं गेलं. मी म्हणालो की अंदाज आहेत, पण त्यामागे कागद नाही. तेवढ्यावर ते पुढे गेले.

या काळात साहेबांशी नेहमीसारखंच वागायचं, हे सगळ्यात अवघड. टोमणा नको, टाळणं नको, आणि 'सर, सहज विचारतो' असं तर मुळीच नको. स्वतःहून आणखी पुरावे शोधायला जाऊ नका. कामात नवीन काही दिसलंच तर त्याच मेलला उत्तर म्हणून एका ओळीत कळवा. तुमच्या कामात अचानक बदल झाला, बदलीची भाषा निघाली, तर तारखेनिशी लिहून ठेवा आणि त्याच पत्त्यावर कळवा. तक्रार करणाऱ्याला त्रास होऊ नये याची तजवीज कलम 177 मध्येच सांगितलेली आहे.

निकाल मात्र तुम्हाला कळेलच असं नाही. मला 'विषय तपासून योग्य ती कार्यवाही केली आहे' एवढी एक ओळ आली. त्यानंतर पॅलेटच्या पीओवर मंजुरीला दुसऱ्याचं नाव दिसू लागलं. व्हेंडर तोच राहिला, दरही तोच.

काय झालं होतं ते पुढच्या वर्षी आचारसंहितेच्या ट्रेनिंगला कळलं. फॉर्म कसा भरायचा यावर बोलणं चाललं असताना साहेब स्वतःच उठून म्हणाले, "माझंच उदाहरण घ्या. घराखालचा गाळा मी पॅलेटवाल्याला भाड्यानं दिलाय. नातं ना गोतं, म्हणून फॉर्ममध्ये लिहायचं डोक्यातच आलं नाही." कोटेशनचंही कारण होतं: शिक्क्याचं पॅलेट देणारे तेव्हा दोनच मिळाले होते, आणि तशी परवानगी फाइलला लागलेली होती. मेहुणा कुठंच नव्हता. पत्ता मात्र खरा होता, आणि भाडं जाहीर करायला हवं होतं हेही खरं.

त्या दिवशी आम्हाला जो फॉर्म वाटला त्यात एक नवा प्रश्न होता: कंपनीच्या कोणत्याही व्हेंडरशी तुमचा जागेचा, भाड्याचा किंवा उसनवारीचा व्यवहार आहे का? मी 'नाही' वर खूण केली. खालच्या 'इतर माहिती'च्या चौकटीत गावच्या जुन्या व्हेंडरचं नाव लिहिलं आणि फॉर्म पुढे सरकवला.